घरून कामाची मंजुरी, नेमणूकपत्रातलं ठिकाण आणि एकवीस दिवसांची नोटीस

प्रश्न: "मार्च २०२० पासून घरून काम करतोय. दर सहा महिन्यांनी एचआरकडून मुदतवाढीचा मेल यायचा. २०२२ मध्ये पुण्यातली भाड्याची खोली सोडून साताऱ्याजवळ गावी राहायला आलो. परवा परिपत्रक आलं, पंधरा दिवसांत आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला हजर व्हा. एवढी वर्षं मंजूर असलेली गोष्ट अशी काढून घेता येते का? ही सेवाशर्त बदलली असं नाही का होत? नोटीस लागत नाही का?"

उत्तर:

परिपत्रकात फक्त "ऑफिसला या" एवढंच असेल आणि तुमच्या नेमणूकपत्रात पुण्याचं ऑफिस लिहिलेलं असेल, तर बहुतेक वेळा ती सेवाशर्त बदलली असं ठरत नाही. पण परिपत्रकात तेवढंच आहे, असं मी फार कमी वेळा पाहिलंय. त्याच कागदावर कामाच्या वेळा हलवलेल्या असतात, इंटरनेटचा भत्ता बंद केलेला असतो, कधी उशीर झाला की अर्धी रजा कापण्याचा नियमही घुसवलेला असतो. खरा कायदेशीर प्रश्न तिथे असतो, आणि लोक मात्र "घर की ऑफिस" यावर भांडत बसतात.

मी कामगार कायद्यात बावीस वर्षं वकिली करतोय. बहुतेक वेळ व्यवस्थापनाच्या बाजूने, अधूनमधून कर्मचाऱ्यांच्या. त्यामुळे खालचं उत्तर कोणालाच पूर्ण आवडणार नाही.

आधी कायदा कुठे आहे ते सांगतो. मालकाने सेवाशर्त बदलण्याआधी नोटीस द्यायची, ही तरतूद औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९-अ मध्ये होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, आणि तीच तरतूद आता संहितेच्या कलम ४० मध्ये आहे. अनुसूचीचा नंबर बदलला, चौथीची तिसरी झाली, पण आतल्या अकरा बाबी जवळजवळ त्याच राहिल्या. पगार, भत्ते, कामाचे तास आणि मधली विश्रांती, रजा, पाळ्या, शिस्तीचे नियम वगैरे. यांपैकी कशात बदल करायचा असेल तर आधी लेखी नोटीस द्यायची आणि ती दिल्यापासून एकवीस दिवस बदल करायचा नाही.

आता ही यादी बोट ठेवून वाचा. "कामाचं ठिकाण" अशी बाब तिच्यात नाही. त्यामुळे "ठिकाण बदललं म्हणजे सेवाशर्त बदलली म्हणजे नोटीस हवी" ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. कंपनी नागपूरच्या माणसाची नाशिकला बदली करते तेव्हाही नेमणूकपत्रात बदलीचं कलम असेल तर ही नोटीस लागत नाही, ती याच कारणाने.

मग तुमच्यासारख्या माणसाला या यादीत शिरायला दार कुठलं? आठव्या क्रमांकाचं. "रूढ झालेली सवलत किंवा विशेषाधिकार काढून घेणे, किंवा प्रघातात बदल." सगळा खेळ "रूढ" या शब्दावर आहे.

रूढ म्हणजे नुसतं खूप दिवस चाललेलं नव्हे. वर्षं मोजून काही सिद्ध होत नाही. ती गोष्ट सगळ्यांना सारखी मिळत होती का, न मागता मिळत होती का, आणि मालकाने ती देताना हात राखून ठेवला होता का, हे पाहिलं जातं. आणि इथेच तुमच्या बाजूचा म्हणून जो पुरावा तुम्ही दाखवताय, तो उलटा फिरू शकतो. दर सहा महिन्यांनी आलेला मंजुरीचा मेल. तुम्हाला वाटतं, दहा-अकरा वेळा लेखी मंजुरी मिळाली म्हणजे हक्क पक्का झाला. समोरचा वकील म्हणेल, दहा-अकरा वेळा मंजुरी घ्यावी लागली याचाच अर्थ तो हक्क नव्हता. हक्काच्या गोष्टीला कोणी मुदतवाढ मागत नाही. हा युक्तिवाद मी स्वतः केलाय आणि तो चालतो.

म्हणून ते सगळे मेल एकदा नीट उघडून बसा. वरचं अभिनंदन, कुटुंबाची काळजी घ्या वगैरे सोडून द्या. शेवटच्या परिच्छेदात "पुढील आदेश होईपर्यंत", "व्यवसायाच्या गरजेनुसार ही सोय कधीही मागे घेतली जाईल", "अमुक तारखेपर्यंत" असं काही आहे का? प्रत्येक मेलमध्ये आहे, की पहिल्या दोनांत होतं आणि नंतर गळून गेलं? माझ्या अनुभवात २०२० आणि २०२१ चे मेल सावधपणे लिहिलेले असतात. २०२२ नंतर एचआरमधली माणसं बदलतात, कोणीतरी उत्साहात नवं धोरण काढतं, आणि त्यात राखून ठेवलेला हात विसरला जातो. कर्मचाऱ्याला केस मिळते ती त्या विसरण्यातून.

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे, तेही सांगतो. परिपत्रकाने दिलेली गोष्ट परिपत्रकाने काढता येतेच, असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा निकाल आहे, इंडियन ऑईलच्या गुवाहाटी रिफायनरीतल्या कामगारांचा. त्यांना आसाममधला भरपाई भत्ता मिळत होता आणि व्यवस्थापनाने तो एकतर्फी बंद केला. भत्ता नेमणूकपत्रात नव्हता, पण तो दिला गेल्यावर सेवाशर्तीचा भाग झाला आणि कलम ९-अ ची नोटीस न देता काढता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्याआधी १९७२ मध्ये टाटा स्टीलच्या केसमध्ये साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी दुसऱ्या वारी नेली होती. सुट्टी एकच, पगार तोच, तरी नोटीस लागते असं ठरलं. त्या निकालातला विचार मला नेहमी उपयोगी पडतो: नोटिशीचा हेतू हा, की बदलाने आपल्यावर काय परिणाम होईल याचा विचार करून म्हणणं मांडायला कामगाराला वेळ मिळावा.

फरक एवढाच लक्षात घ्या, की त्या दोन्ही केसमधल्या गोष्टी यादीत थेट बसण्यासारख्या होत्या. भत्ता सरळच बसतो, सुट्टीही. घरून काम तसं बसत नाही, त्याला आठव्या दारातूनच यावं लागतं. म्हणून "इंडियन ऑईलचा निकाल आमच्या बाजूने आहे" असं कोणी ठोकून सांगितलं तर अर्धंच खरं समजा.

आता एक केस सविस्तर सांगतो, म्हणजे हे सगळं एकत्र कसं लागतं ते दिसेल. नाव-गाव सांगणार नाही. २०२४ ची गोष्ट, म्हणजे तेव्हा जुनाच कायदा होता. विम्याचे दावे तपासून नोंदी करणारी एक कंपनी, पुण्यातलं ऑफिस, दीडशेच्या आसपास माणसं, बहुतेक जण संगणकावर कागद तपासून रकमा भरणारे. व्यवस्थापनाने मला बोलावलं तोवर परिपत्रक निघून चार दिवस झाले होते. (वकिलाला बोलावतात ते नेहमी चार दिवसांनी. आधी बोलावलं तर फी लागते.)

परिपत्रक एका पानाचं. त्यात तीन गोष्टी. एक, दहा दिवसांत सगळ्यांनी रोज ऑफिसला यायचं. दोन, इंटरनेट आणि विजेसाठी मिळणारे महिना १,५०० रुपये बंद. तीन, कामाची वेळ सकाळी साडेनऊ ते सहा होती ती अकरा ते साडेसात, कारण ज्या कंपन्यांचे दावे यायचे त्यांची वेळ बदलली होती. पस्तीसेक जणांनी सह्या करून सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज दिला. अर्जात एकच मुद्दा होता, घरून काम हा आमचा हक्क आहे. भत्त्याबद्दल एक ओळ नाही, वेळेबद्दल एक ओळ नाही. मी अर्ज वाचला आणि मनात म्हटलं, यांनी सगळ्यात कच्चा मुद्दा धरलाय.

मी व्यवस्थापनाला सांगितलं की परिपत्रक मागे घ्या आणि तीन वेगळे कागद काढा. त्यांना ते पटेना. "एकच निर्णय आहे, तीन कागद कशाला?" कारण तीन गोष्टींचं कायद्यातलं स्थान तीन प्रकारचं आहे, आणि एकाच कागदावर असल्या की कच्च्या बाबींमुळे पक्की बाबही अडकते.

वेळेचं सोपं होतं. कामाचे तास आणि विश्रांतीच्या वेळा ही यादीतली चौथी बाब. एकूण तास तेवढेच राहिले तरी सुरुवात-शेवट हलवणं हा साधा सोपस्कार नाही. टाटा स्टीलची सुट्टीही तेवढीच राहिली होती. नोटीस द्यायचीच.

भत्त्याचं थोडं गुंतागुंतीचं. लेखा विभागाचे गृहस्थ म्हणाले, "अहो, ही भरपाई आहे, भत्ता नाही. घरी नेट वापरत नसतील तर पैसे कसले?" मी पगारपत्रक मागवलं. दोन वर्षांत एकाही कर्मचाऱ्याकडून इंटरनेटचं बिल घेतलेलं नव्हतं. रक्कम सगळ्यांना सरसकट, रजेच्या महिन्यातही तेवढीच, आणि पगारपत्रकात तिचा स्वतंत्र रकाना. बिल घेऊन खर्च परत दिला असता तर तो खर्च संपला की देणं संपलं, असं म्हणता आलं असतं. बिल न घेता ठरावीक रक्कम दर महिन्याला दिली, की तिचं नाव काहीही ठेवा, ती भत्त्याच्या वाटेला लागते. भत्ते ही यादीतली तिसरी बाब. इथे इंडियन ऑईलचा निकाल थेट लागतो. नोटीस.

आणि हजेरी? दीडशेपैकी बहुतेकांच्या नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण पुण्याच्या ऑफिसचा पत्ता होता. मुदतवाढीच्या प्रत्येक मेलमध्ये "व्यवस्थापनाच्या निर्णयाधीन" हे शब्द होते. यांच्याबाबत मी कलम ९-अ ची नोटीस लागत नाही असं मत दिलं. तरी दहाऐवजी तीस दिवस द्या म्हटलं. कायद्यासाठी नव्हे, लोकांना खोली बघायची असते, मुलांच्या शाळा असतात, आणि समेट अधिकाऱ्यासमोर तीस दिवस देणारा मालक दहा दिवस देणाऱ्यापेक्षा वेगळा दिसतो.

मग अकरा जण उरले. हे २०२१ च्या ऑगस्टनंतर भरती झालेले. त्यांच्या नेमणूकपत्रात कामाच्या ठिकाणापुढे लिहिलं होतं, "कर्मचाऱ्याचे निवासस्थान". पुण्याचा पत्ता फक्त लेटरहेडवर. बदलीचं कलम होतं, पण ते "कंपनीच्या कोणत्याही शाखेतून दुसऱ्या शाखेत" असं होतं, आणि घर ही काही शाखा नव्हे. एकीच्या पगारपत्रकावर ठिकाणाचा कोड चक्क तिच्या गावाचा होता. या अकरा जणांना घरून काम ही सवलत दिलेलीच नव्हती. तो त्यांच्या कराराचा भाग होता. सवलत मागे घेता येते, करार मागे घेता येत नाही, तो दोघांनी मिळून बदलावा लागतो. त्यांच्याशी वेगळं बोलणं केलं. सात जण स्थलांतराचा खर्च घेऊन आले, तीन घरूनच राहिले, एकीने नोकरी सोडली.

तारखांचा हिशेबही सांगतो, कारण तिथे चूक फार होते. भत्ता आणि वेळ यांची नोटीस ३ जूनला दिली. एकवीस दिवस म्हणजे ४ जूनपासून २४ जूनपर्यंत. बदल लवकरात लवकर २५ जूनला. आम्ही १ जुलै धरला, पगाराचा महिना अर्धवट तुटू नये म्हणून. आणि नोटीस बदलाच्या आधी हवी, बदल करून मग "नोटीसही दिली" असं चालत नाही. नागपूरच्या लोकमत न्यूजपेपर्सच्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हे स्पष्ट केलंय: आधी नोटीस, मग बदल.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्याबाबत तीन गोष्टी मला माहीत नाहीत आणि उत्तर त्यांच्यावर अवलंबून आहे.

पहिली, तुम्ही कायद्याच्या अर्थाने कामगार आहात का. कलम ४० फक्त कामगारांना लागू होतं. इथे एक गैरसमज इतका पसरलाय की एचआरची माणसंही तो बोलतात: "पगार अठरा हजारांच्या वर, म्हणजे कामगार नाही." चूक. १८,००० रुपयांची मर्यादा फक्त देखरेखीचं काम करणाऱ्यांना आहे. जो स्वतः तांत्रिक, कारकुनी किंवा कौशल्याचं काम करतो त्याचा पगार कितीही असो, तो कामगार असू शकतो. उलट जो खरोखर व्यवस्थापकीय काम करतो तो कमी पगारावरही कामगार नाही. पदाचं नाव बघू नका. "असिस्टंट मॅनेजर" लिहिलेले कितीतरी जण दिवसभर एक्सेल भरतात. तुम्ही कोणाची रजा मंजूर करता का, कोणाचं मूल्यमापन लिहिता का, कोणाला कामावरून काढायची शिफारस तुमच्याकडून जाते का? तीनही उत्तरं "नाही" असतील तर कामगार ठरण्याची शक्यता चांगली.

आणि कामगार नसाल तर? मग हातात फक्त करार उरतो. नेमणूकपत्रात घर लिहिलं असेल तर कंपनीने करार मोडला असं म्हणता येईल, पण न्यायालय तुम्हाला घरूनच काम करू द्या असा आदेश सहसा देणार नाही. वैयक्तिक सेवेचा करार जबरदस्तीने पाळायला लावत नाहीत. मिळाली तर भरपाई, आणि ती बहुधा नेमणूकपत्रातल्या नोटीस-काळाच्या पगाराएवढी. हे कडू आहे, पण वर्षभर तारखा मारल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

दुसरी गोष्ट, साताऱ्याला जाताना तुम्ही कोणाला सांगितलं आणि काय उत्तर आलं. टीम लीडरने व्हॉट्सॲपवर "जा बिनधास्त" म्हटलं असेल तर त्याने कंपनी बांधली जात नाही. ठिकाण बदलायचा अधिकार त्याला नव्हता. पण तुम्ही एचआरच्या प्रणालीत पत्ता बदलला, त्यांनी कामाचं ठिकाणही "रिमोट" केलं, पगारपत्रकात ते उमटलं, आणि दोन-तीन वर्षं कोणी आक्षेप घेतला नाही, तर ते बरंच वजनदार आहे. तो स्क्रीन आजच जपून ठेवा. परिपत्रकानंतर अशा नोंदी "दुरुस्त" झालेल्या मी पाहिल्यात.

तिसरी, तुमची कंपनी विशेष आर्थिक क्षेत्रात आहे का. हिंजवडी किंवा खराडीला असाल तर शक्यता आहे. तसं असेल तर तिथलं घरून काम मालकाच्या मर्जीचं नव्हतंच, सरकारी नियमाने आलेलं होतं. जुलै २०२२ मध्ये नियम ४३-अ आला तेव्हा निम्म्याच कर्मचाऱ्यांना आणि जास्तीत जास्त एक वर्षाची मुभा होती. डिसेंबर २०२२ मध्ये ती सगळ्यांना, पण तारीख घालूनच वाढवली. मुळात तारखेचं बंधन असलेली गोष्ट रूढ झाली, असं पटवणं फार अवघड जातं.

दोन अपवाद इथेच सांगून टाकतो, तुम्हाला नाही तरी वाचणाऱ्या कोणाला लागतील. बाळंतपणाच्या रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर आपसांत ठरवून घरून काम देता येतं, ही तरतूद मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये आली. तसं लेखी ठरलेलं असेल तर सरसकट परिपत्रकाने ते पुसलं जात नाही. आणि दिव्यांग कर्मचाऱ्याला सोय म्हणून घरून काम दिलं असेल, तर त्याचा विचार वेगळा, त्याच्या गरजेवरून व्हायला हवा. त्यांनी या उत्तराच्या भरवशावर राहू नये, वेगळा सल्ला घ्यावा.

समजा तुम्ही कामगार ठरलात आणि आठवी बाबही लागू झाली. पुढे काय? लोक समजतात की नोटीस लागते म्हणजे आमची संमती लागते. तसं नाही. नोटीस ही नोटीस आहे, परवानगीचा अर्ज नव्हे. कंपनीने रीतसर नोटीस दिली, एकवीस दिवस थांबली, तर बदल करू शकते. त्या एकवीस दिवसांचा उपयोग म्हणणं मांडायला आणि विवाद उभा करायला. समेटाची कारवाई सुरू झाली की मात्र चित्र पालटतं: त्या विवादाशी संबंधित सेवाशर्त कामगाराचं नुकसान होईल अशी बदलायला कारवाई संपेपर्यंत बंदी असते. पूर्वी हे कलम ३३ होतं, आता संहितेत कलम ९० आहे. कर्मचाऱ्याच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार हेच, आणि ते आधी वापरायचं असतं, हजर न राहिल्याबद्दल कारणे दाखवा आल्यावर नव्हे.

आणि ते एकट्याने वापरता येत नाही. कामावरून काढलं तर एकटा माणूस विवाद उभा करू शकतो. सेवाशर्तीच्या बदलासाठी युनियन लागते, किंवा बऱ्यापैकी संख्येने सहकारी बरोबर लागतात. तुम्ही एकटेच असाल तर आधी बाकीच्यांशी बोला. पण सगळ्यांची नेमणूकपत्रं एकत्र वाचा, नुसत्या सह्या गोळा करू नका. त्या पस्तीस जणांनी ती वाचली असती तर अर्जात भत्ता आणि वेळ पहिल्या ओळीत आली असती, आणि मला तीन कागद काढायचा सल्ला द्यायला वेळच मिळाला नसता.

पंधराव्या दिवशी काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न असणार. घरी बसून राहू नका. "परिपत्रक बेकायदा आहे म्हणून मी येत नाही" असं म्हणून बसलेल्या माणसावर गैरहजेरीचा आरोप लागतो, आणि मग मूळ मुद्दा बाजूला पडून तुमच्या शिस्तीवर चर्चा चालते. परिपत्रक चुकीचं होतं असं दोन वर्षांनी ठरलंही, तरी मधली दोन वर्षं पगाराविना. हजर व्हा, पण हक्क राखून. साताऱ्याहून रोज येणं खरंच अशक्य असेल तर तेच लेखी कळवा, किती मुदत हवी ते आकड्यात सांगा, आणि त्या काळात काम चालू ठेवा, म्हणजे काम टाकून गेला असं कोणाला म्हणता येणार नाही.

मेल लांब लिहू नका, आणि भावनेचं काही घालू नका. मी साधारण असं लिहून देतो:

"आपले अमुक तारखेचे परिपत्रक मिळाले. माझ्या नेमणूकपत्रातील व अमुक तारखेच्या मेलमधील अटी पाहता, परिपत्रकातील हजेरी, कामाची वेळ व भत्ता यांविषयीचे बदल मला मान्य नाहीत. कामाची वेळ व भत्ता यांबाबत कलम ४० प्रमाणे नोटीस दिलेली नाही. माझे सर्व हक्क राखून मी अमुक तारखेपासून ऑफिसमध्ये हजर होत आहे. माझ्या हजेरीचा अर्थ संमती असा घेऊ नये."

तुमच्या परिपत्रकात वेळ आणि भत्ता यांचा उल्लेखच नसेल तर ते शब्द अर्थातच काढा, आणि मग तुमची बाजू नेमणूकपत्र आणि त्या मेलांच्या शेवटच्या परिच्छेदांवर उभी राहील. मेल ऑफिसच्या पत्त्यावरून पाठवलात तरी प्रत स्वतःच्या पत्त्यावर ठेवा. ऑफिसचा मेल नोकरीबरोबर बंद होतो, आणि नेमकी तीच प्रत नंतर हवी असते.

ती नेमणूकपत्राची "कामाचे ठिकाण" असलेली ओळ आणि २०२२ नंतरच्या कुठल्याही दोन मुदतवाढींचे शेवटचे परिच्छेद, नावं खोडून, इथे टाका. त्यावरून यापेक्षा नेमकं सांगता येईल.